व्होकल चेनचा क्रम: ईक्यू, कंप्रेसर, डी-एसर, रिव्हर्ब यातलं आधी काय आणि का

प्रश्न: व्होकलवर आधी ईक्यू लावायचा की कंप्रेसर? प्रत्येक जण वेगळं सांगतो. मी सध्या ईक्यू, डी-एसर, कंप्रेसर आणि शेवटी रिव्हर्ब असं सगळं ट्रॅकवरच लावतोय, पण 'स' आणि 'श' खूप टोचतात, आणि डी-एसर वाढवला की गायिका बोबडी वाटायला लागते. क्रम चुकतोय का?

उत्तर: हो, तुमच्या केसमध्ये क्रमाचाच प्रॉब्लेम दिसतोय. मी असं लावेन: आधी फक्त काटछाट करणारा ईक्यू, मग कंप्रेसर, मग आवाजाला रंग देणारा दुसरा ईक्यू, त्याच्यानंतर डी-एसर, आणि रिव्हर्ब ट्रॅकवर नाहीच, तो वेगळ्या ऑक्सवर आणि सेंडने. हा क्रम पाठ करून ठेवू नका कारण निदान दोन ठिकाणी तो बदलावा लागतो, आणि कधी बदलायचा ते कळण्यासाठी आत काय चाललंय हे बघावं लागतं.

पहिली गोष्ट, या चार वस्तू दोन जातींच्या आहेत. ईक्यू आणि रिव्हर्ब यांना आवाज मोठा आला की लहान याच्याशी काही घेणंदेणं नसतं, ३ किलोहर्ट्झला २ डीबी वाढवा म्हटलं की कुजबुजीलाही २ डीबी आणि ओरडण्यालाही २ डीबी. म्हणून दोन ईक्यू एकामागे एक असतील तर त्यांची अदलाबदल केली तरी आवाज तोच राहतो, आणि ईक्यू रिव्हर्बच्या आधी लावला काय नि नंतर लावला काय, साध्या स्वच्छ रिव्हर्बमध्ये रिझल्ट जवळपास सारखाच येतो. कंप्रेसर आणि डी-एसर मात्र लेव्हल मोजून निर्णय घेतात. त्यांच्या आत एक डिटेक्टर असतो, तो समोर आलेला सिग्नल मोजतो आणि किती दाबायचं ते ठरवतो. त्यामुळे क्रमाचा सगळा प्रश्न शेवटी एवढ्यावर येतो की कंप्रेसरच्या आणि डी-एसरच्या डिटेक्टरला तुम्ही काय ऐकवताय. बाकीचं कुठेही ठेवलंत तरी फारसं बिघडत नाही.

आता ईक्यू आधी का, ते बघू. गाण्याच्या आवाजात सगळ्यात जास्त ताकद खाली असते, साधारण १०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास, आणि कार्डिऑइड माइकच्या जवळ तोंड नेलं की खालचा भाग अजून फुगतो. शिवाय प, फ, ब, भ म्हणताना हवेचा जो फटका बसतो तो बहुतेक १५० हर्ट्झच्या खाली असतो, लहान स्पीकरवर तो नीट ऐकूही येत नाही, पण साध्या कंप्रेसरच्या डिटेक्टरला तो बरोबर दिसतो. मग होतं काय, 'पाऊस' मधल्या प ला मीटर ८ डीबी खाली जातो आणि त्याच्या मागचा 'आ' विनाकारण दबतो, ऐकणाऱ्याला शब्द आत गेल्यासारखा वाटतो आणि कारण सापडत नाही. म्हणून हाय-पास आणि खालच्या घुमणाऱ्या भागाची कपात कंप्रेसरच्या आधी. ती बरोबर ठिकाणी केली की नाही हे तपासायचा सोपा मार्ग आहे: कंप्रेसरचा गेन रिडक्शन मीटर बघत पहिला ईक्यू बायपास करून बघा. ईक्यू बंद असताना मीटर ७ डीबी दाखवतोय आणि चालू केल्यावर ४ डीबी, तर ते मधले ३ डीबी कंप्रेसर गाण्यासाठी नाही, घुमण्यासाठी खर्च करत होता. मीटर हललाच नाही तर ती कपात कुठेही ठेवा, कंप्रेसरला फरक पडत नाही.

(हाय-पास फार तीव्र लावू नका हे जाता जाता सांगतो. २४ डीबी किंवा ४८ डीबी प्रति ऑक्टेव्हचा फिल्टर फेज फिरवतो, त्यामुळे ताकद कमी झाली तरी पीक उलट एखाद डीबीने वाढलेला दिसू शकतो. व्होकलला १२ किंवा १८ बहुतेक वेळा पुरतो.)

मग वाढवणारा ईक्यू नंतर का? समजा तुम्ही २०० हर्ट्झला ऊब यावी म्हणून ४ डीबी वाढवलंत आणि मग कंप्रेसर. २०० च्या भागावरच डिटेक्टर जास्त चालतो, म्हणून तुम्ही वाढवलं की कंप्रेसर लगेच जास्त दाबतो, आणि दाबताना तो फक्त २०० दाबत नाही, अख्खा आवाज दाबतो. म्हणजे ऊब मागितली आणि बदल्यात वरची स्पष्टता गेली. वरच्या टोकाला उलटी गंमत आहे, ११ किलोहर्ट्झची शेल्फ आधी लावली तर स्वरांवर कंप्रेसर फारसा हलत नाही, कारण तिथे ताकदच कमी असते, पण 'स' आला की तो हलतो आणि मग त्याला 'स' दाबायचं काम लागतं जे त्याचं कामच नाही. म्हणून मी रंगकाम कंप्रेसरनंतर करतो, तिथे जे वाढवलं ते वाढलेलंच राहतं. कुणी म्हणेल की पूर्वीच्या कन्सोलवर ईक्यू आधी लावून मग कंप्रेसरमध्ये ढकलायचे आणि छान यायचं, ते खरंच आहे, ३ किलोहर्ट्झ वाढवून हलक्या कंप्रेशनमध्ये टाकला तर आवाज जरा घट्ट होतो आणि कधी कधी तेच हवं असतं. ते मुद्दाम केलेलं असावं एवढंच.

आता मुख्य मुद्दा, डी-एसर. तुमचा त्रास इथेच आहे आणि याच्यावर लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, म्हणून आकडे घेऊन बघू.

धरून चाला की गायिकेच्या 'आ' चा पीक -८ डीबीवर येतोय आणि 'स' -१८ वर. दोघांत १० डीबीचं अंतर आहे, रेकॉर्डिंग ऐकलं तर स ठीकठाक वाटतो. आता कंप्रेसर लावला, थ्रेशोल्ड -२०, रेशो ४:१. 'आ' थ्रेशोल्डच्या १२ डीबी वर आहे, ४ ने भागल्यावर ३ डीबी उरले, म्हणजे तो -१७ वर आला, ९ डीबी दबला. 'स' थ्रेशोल्डच्या फक्त २ डीबी वर आहे, तो अर्ध्या डीबीवर आला, म्हणजे -१९.५, जेमतेम दीड डीबी दबला. दोघांतलं अंतर १० वरून अडीचवर आलं. मग तुम्ही आवाज पुन्हा जागेवर आणायला ९ डीबी मेकअप गेन दिला, 'आ' परत -८ वर आणि 'स' -१०.५ वर. म्हणजे तुम्ही डी-एसिंगच्या विरुद्ध काम करून बसलात, स साडेसात डीबीने वर चढला आणि कुठल्याही ईक्यूला हात न लावता. टोचणारा स बहुतेक वेळा माइकमुळे आलेला नसतो, तो असा कंप्रेसरने आणलेला असतो.

हे आकडे सोयीसाठी जरा सरळ धरलेत. प्रत्यक्षात रिलीज किती आहे यावर अवलंबून असतं, 'आस' म्हणताना आ मुळे दबलेला कंप्रेसर लगेच सुटत नाही म्हणून त्याच्या मागचा स पण थोडा दबून जातो. ओळीच्या सुरुवातीचा स मात्र सुटतो, कारण श्वास घेताना कंप्रेसर पूर्ण मोकळा झालेला असतो. तुमच्या ट्रॅकवर ऐकून बघा, ओळीच्या तोंडाशी आलेले स जास्त टोचतात आणि मधले कमी टोचतात असं असेल तर तो कंप्रेसरचाच पुरावा आहे.

मग साहजिक वाटतं की कंप्रेसर स वाढवतो ना, तर डी-एसर त्याच्या आधी लावू, रोग मुळातच मारू. तुम्ही तेच केलंय. पण वरच्याच आकड्यांवर बघा. डी-एसरने स ५ डीबी खाली आणला, -१८ चा -२३. आता तो थ्रेशोल्डच्या खाली आहे म्हणून कंप्रेसर त्याला हात लावत नाही, मेकअपचे ९ डीबी मात्र पूर्ण मिळतात, म्हणजे -१४. डी-एसर नसता तर -१०.५ होता. ५ डीबी कापून फायदा झाला साडेतीन डीबीचा. आणि स मुळातच मोठा असेल तर हे अजून वाईट होतं. समजा स -१० वर आहे, थ्रेशोल्डच्या १० डीबी वर. डी-एसरने ५ डीबी कापले तर तो थ्रेशोल्डच्या ५ डीबी वर राहिला. कंप्रेसरमधून बाहेर येताना पहिला अडीच डीबी वर असता, दुसरा सव्वा डीबी वर आहे. ५ डीबी कापलेत आणि हातात पडला सव्वा डीबी! बाकीचं कंप्रेसरने परत भरून काढलं, कारण सिग्नल लहान आला तर कमी दाबायचं हेच त्याचं काम.

म्हणूनच तुम्ही डी-एसर वाढवत जाता, ऐकायला फरक पडत नाही, अजून वाढवता, ८, १०, १२ डीबी, आणि एका पॉइंटनंतर स चा स उरत नाही, तो थ सारखा ऐकू यायला लागतो, 'सारं' चं 'थारं' होतं. टोचणं पूर्ण जात नाही आणि बोबडेपणा येतो, दोन्ही एकदम. तोच डी-एसर कंप्रेसर आणि दुसऱ्या ईक्यूच्या मागे ठेवा, तिथे ५ डीबी कापले तर ५ डीबीच कमी होतात, त्याच्यानंतर परत भरणारं कुणी नाही.

नंतर ठेवायचा अजून एक फायदा आहे. बहुतेक साध्या डी-एसरना एक ठराविक थ्रेशोल्ड असतो. कंप्रेसरच्या आधी अंतऱ्यातला स -२८ वर आणि मुखड्यातला -१४ वर असेल तर एका थ्रेशोल्डने दोन्ही पकडता येत नाहीत, मुखड्यासाठी सेट केलं तर अंतऱ्यात तो झोपलेला असतो, अंतऱ्यासाठी सेट केलं तर मुखड्यात बोबडं. कंप्रेसरनंतर लेव्हल बरीच एकसारखी झालेली असते म्हणून एकच सेटिंग गाणंभर चालतं. काही डी-एसर एकूण आवाजाच्या तुलनेत स किती आहे ते मोजतात, त्यांच्यावर हा मुद्दा तेवढा लागू होत नाही. आणि वरची शेल्फ डी-एसरच्या आधी असल्यामुळे ती शेल्फ जेवढा स वाढवेल तेवढा डी-एसरला दिसतो, उलट ठेवलं तर तुम्ही आधी स कापता आणि मग शेल्फने तोच परत वाढवता.

मग डी-एसर आधी कधीच नाही का? एक केस आहे, आणि ती ओळखायला मीटरच लागतो. फार चकचकीत कंडेन्सर माइक, गायिका अगदी जवळ, आणि स चा पीक स्वराच्या बरोबरीने किंवा त्याच्याही वर. अशा वेळी कंप्रेसर स वरच उडी मारतो आणि रिलीज होईपर्यंत त्याच्या मागचा स्वर खड्ड्यात जातो, 'सांज' म्हटलं तर स मोठा आणि 'आं' दबलेला. गेन रिडक्शन मीटर बघत ट्रॅक वाजवा, सुई स्वरांवर हलायला हवी. ती स आणि श ला जोरात उडत असेल तर एक हलका डी-एसर कंप्रेसरच्या आधी टाका, २-३ डीबी, फक्त कंप्रेसरची उडी थांबेल एवढा. त्याचं काम टोचणं काढायचं नाही, डिटेक्टर शांत ठेवायचं आहे. टोचणं काढणारा दुसरा डी-एसर शेवटी असतोच. दोघांनी थोडं थोडं केलं की एकावर सगळा भार पडत नाही आणि बोबडेपणा येत नाही. सुई स ला हलतच नसेल तर आधीचा डी-एसर ठेवून तुम्ही फक्त वर दाखवलेलं नुकसान करून घेताय, काढून टाका.

आता एक अख्खी चेन बांधून बघू, तुमच्या वर्णनासारखाच ट्रॅक धरतो: स्त्रीचा आवाज, मोठ्या डायफ्रामचा कंडेन्सर, तोंडापासून साधारण १५ सेंटिमीटर, अंतरा हळू आणि मुखडा खुला. ओळ धरू 'सारं शहर शांत झालं', कारण तिच्यात स, श आणि झ तिन्ही आहेत.

प्लगिन उघडायच्या आधी क्लिप गेन. अंतरा मुखड्यापेक्षा ८ डीबी खाली असेल तर क्लिपवरच अंतरा ४ डीबी वर घ्या, नाहीतर कंप्रेसर मुखड्यात ५ डीबी दाबेल आणि अंतऱ्यात काहीच करणार नाही, आणि मग दोन गायिका गातायत असं वाटतं. सूर दुरुस्त करायचा असेल तर तोही याच टप्प्यावर, कारण त्या सॉफ्टवेअरला जितका कोरा आवाज मिळेल तितकं बरं.

पहिला ईक्यू: ९० हर्ट्झला हाय-पास, आणि २८० च्या आसपास रुंद ३ डीबी कपात. २८० हा आकडा पवित्र नाही, थोडं वाढवून फिरवत जा, जिथे आवाज डब्यातून आल्यासारखा वाटेल तिथे कापा आणि मघाशी सांगितल्यासारखं मीटर बघून ठरवा. काहीही वाढवू नका इथे.

कंप्रेसर: ३:१, अटॅक १० मिलिसेकंद, रिलीज ८० च्या आसपास, मुखड्यात ५ डीबी आणि अंतऱ्यात २ डीबी दबेल असा थ्रेशोल्ड. अटॅक फार वेगवान ठेवला, १ मिलिसेकंद वगैरे, तर व्यंजनांची धार जाते आणि मग लोक ती परत आणायला ४ किलोहर्ट्झ वाढवतात, त्याने श टोचायला लागतो. जास्त दाबायचं असेल तर एकाच कंप्रेसरने ९ डीबी दाबण्यापेक्षा दोन लावा, पहिला वेगवान, फक्त पीक पकडणारा, ३ डीबी, आणि दुसरा संथ, सरासरी सांभाळणारा. ११७६ मागे एलए-२ए ही जुनी जोडी त्याच विचाराची आहे.

दुसरा ईक्यू: ३.५ किलोहर्ट्झला दीड-दोन डीबी, आणि ११ किलोहर्ट्झवरून ३ डीबीची शेल्फ. इथे स वाईट ऐकू येईल, येऊ दे.

मग डी-एसर, त्याचं लिसन बटण दाबून 'सारं' चा स लूप करा आणि फ्रिक्वेन्सी फिरवा, जिथे स सगळ्यात घाण ऐकू येतो तिथे थांबा, स्त्रीच्या आवाजात हे बहुतेकदा ६ ते ९ किलोहर्ट्झमध्ये सापडतं, पुरुषाच्या आवाजात थोडं खाली. धरा ७.५ ला सापडला. स ला ४-५ डीबी कपात आणि 'आ' ला शून्य, एवढं झालं की पुरे. आता 'शहर' आणि 'शांत' ऐका. बरेचदा स नीट होतो आणि श तसाच टोचतो, कारण श ची ताकद स पेक्षा खाली असते, ३ ते ६ किलोहर्ट्झच्या भागात, आणि ७.५ वर बसवलेल्या डी-एसरला तो नीट दिसतच नाही. अशा वेळी थ्रेशोल्ड खाली ओढू नका, स बोबडा होईल. डी-एसरचा बँड खाली रुंद करा, ४.५ पर्यंत, किंवा श साठी वेगळा डायनॅमिक ईक्यू ४ च्या आसपास लावा, २-३ डीबी. आणि गाण्यात एक-दोनच श हट्टी असतील तर ते क्लिपवर कापून हाताने ४ डीबी खाली घ्या. कंटाळवाणं आहे पण यापेक्षा स्वच्छ डी-एसिंग कुठलाही प्लगिन करत नाही. फक्त हे हाताचं काम कंप्रेसरच्या आधी होतं हे लक्षात असू द्या, म्हणजे श थ्रेशोल्डच्या वर असेल तर ४ डीबीतले काही कंप्रेसर परत देणार, थोडं जास्त कापावं लागेल.

आता रिव्हर्ब. ट्रॅकवर शेवटी इन्सर्ट म्हणून लावला तर क्रमाच्या दृष्टीने चूक नाही, तो कंप्रेसरच्या मागेच आहे. कंप्रेसरच्या आधी गेला असता तर खरा गोंधळ झाला असता: शब्द चालू असताना कंप्रेसर दाबणार, शब्द संपला की सोडणार, आणि नेमकी तेव्हा रिव्हर्बची शेपटी वाजत असते म्हणून ती फुगून वर येते, प्रत्येक ओळीच्या शेवटी खोली मोठी झाल्यासारखी. ते इफेक्ट म्हणून कुणाला हवं असेल तर ठीक. इन्सर्टची खरी अडचण वेगळी आहे, तिथे रिव्हर्बमध्ये जाणारा आवाज आणि थेट ऐकू येणारा आवाज एकच असतो, दोघांना वेगळी वागणूक देता येत नाही. आणि ती द्यावीच लागते, कारण ड्राय आवाजात अगदी योग्य वाटणारा स रिव्हर्बमध्ये गेला की दीड सेकंद पसरत राहतो, प्रत्येक स मागे एक सळसळ उरते. तुमच्या टोचण्यातला काही भाग हा असणार, रिव्हर्ब म्यूट करून बघा, लगेच कळेल.

म्हणून ऑक्स करा, त्यावर रिव्हर्ब १०० टक्के वेट, आणि व्होकल ट्रॅकवरून पोस्ट-फेडर सेंड, म्हणजे व्होकलचा फेडर खाली-वर केला तर रिव्हर्बही सोबत जाईल. ऑक्सवर रिव्हर्बच्या आधी अजून एक डी-एसर लावा आणि इथे हात मोकळा सोडा, ८-१० डीबी कापा, बोबडं झालं तरी चालेल कारण शब्द ड्राय ट्रॅकवरून ऐकू येतायत, इथून फक्त हवा यायची आहे. हा डी-एसर रिव्हर्बच्या आधीच हवा. नंतर ठेवला तर स ची शेपटी पुढच्या स्वरांच्या शेपटीत मिसळलेली असते, डी-एसरला स कुठे सुरू झाला आणि कुठे संपला तेच कळत नाही आणि तो सगळीच चमक दाबत बसतो. ऑक्सवरचा ईक्यू मात्र आधी की नंतर यावर वाद घालू नका, वर म्हटलं तसं तिथे फरक नाही, हाय-पास २५० आणि लो-पास ७-८ किलोहर्ट्झ, जिथे हाताला येईल तिथे. प्री-डिले ३० मिलिसेकंदच्या आसपास ठेवला की शब्दाची सुरुवात कोरी राहते आणि मग खोली येते. तरीही दाट ओळींत शब्द बुडत असतील तर रिव्हर्बच्या मागे एक कंप्रेसर टाकून त्याचा साइडचेन ड्राय व्होकलवरून घ्या, गाताना रिव्हर्ब ३ डीबी खाली जाईल आणि ओळ संपली की वर येईल. हीच ती फुगणारी शेपटी, पण इथे ती तुमच्या हातात असते आणि ड्राय आवाजाला धक्का लागत नाही.

तुम्ही आता जाऊन क्रम बदलाल तेव्हा एक सापळा आहे. ईक्यू कंप्रेसरच्या आधीचा उचलून नंतर टाकलात की कंप्रेसरला जाणारी लेव्हल बदलते, तो आधीपेक्षा कमी किंवा जास्त दाबतो, आणि तुम्हाला जो फरक ऐकू येतो तो क्रमाचा नसून दाबण्याच्या प्रमाणाचा असतो. शिवाय जे जरा मोठं वाजतं ते चांगलं वाटतं. म्हणून प्रत्येक बदलानंतर थ्रेशोल्ड हलवून गेन रिडक्शन आधीएवढंच करा, बाहेरची लेव्हल कानाने जुळवा, आणि मग तुलना करा. तसं केल्यावर दोन क्रमांत फरक ऐकूच आला नाही, हे कधी कधी होतं, विशेषतः कंप्रेसर २ डीबीच दाबत असेल तेव्हा, तर मग कुठलाही क्रम ठेवा आणि पुढे चला.

हे सगळं करूनही काही स खरखरीत राहिले तर सगळे प्लगिन बंद करून मूळ क्लिप झूम करा. वेव्हफॉर्मचा माथा सपाट कापलेला दिसला तर रेकॉर्डिंगमध्येच क्लिप झालंय, तिथे डी-एसर फक्त त्या खरखरीचा आवाज कमी करेल, खरखर जाणार नाही. दुसऱ्या टेकमधला तोच शब्द मिळाला तर तो जोडा, नाही तर तेवढ्या ओळी परत गाऊन घ्या, या वेळी माइक तोंडाच्या सरळ समोर न ठेवता थोडा तिरका ठेवा म्हणजे स ची हवा बाजूने जाईल, आणि अंतर १५ चं २० सेंटिमीटर करा.